न्यू लुकचं वर्णन कसं लिहावं?

प्रश्न: फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिओरच्या १९४७ च्या ‘न्यू लुक’ या पोशाखशैलीसाठी ‘बारीक कंबर आणि घेरदार स्कर्ट’ एवढं लिहिलं तर पुरेल का?

नाही पुरणार, कारण ती कंबर कपड्याच्या आतल्या बांधणीमुळे बारीक दिसते. डिओरचा त्या शैलीतला ‘बार’ सूट घ्या. तो १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये सादर झाला. फिकट रेशमी जॅकेट, खाली काळा प्लीट्सचा लोकरी स्कर्ट. खांदे मऊ, उतरते. खरी करामत कमरेच्या खाली आहे: जॅकेटचा खालचा भाग आतून पॅडिंग भरून बाहेर उचललेला असतो. नितंब भरीव झाले की कंबर आपोआप लहान भासते. शिवाय आत कंबर आवळणारा, कमरेपुरता आखूड कॉर्सेट असे. स्कर्टला उभारी देण्यासाठी पर्केल या घट्ट विणीच्या सुती कापडाचं किंवा टॅफेटा या कडक रेशमी कापडाचं अस्तर वापरत. म्हणून वर्णन आतून बाहेर करत जा: आधी कॉर्सेट आणि पॅडिंग, मग अस्तर, शेवटी वरचं कापड.

एक चूक हमखास होते. न्यू लुक म्हणजे घेरच, असं धरलं जातं. डिओरने तेव्हा सादर केलेल्या त्याच पोशाखसंग्रहात ‘कोरोल’ ही फुलासारखी उमलणारी आकाररेषा होती, तशीच ‘आठ’च्या आकड्यासारखी अंगालगतची रेषाही होती. तुमच्यासमोरचा पोशाख यांपैकी कोणता, हे आधी लिहा.