रजेचा अर्ज परत का येतो?

«आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज दिला, तो साहेबांनी दोनदा परत पाठवला. मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. मसुदा सोबत देतोय, काय चुकलंय ते सांगा.»

मी बरीच वर्षं आस्थापना शाखेत रजेचं टेबल सांभाळलंय. तुमचं कारण खरं आहे, ते कोणी नाकारणार नाही. अडतंय ते मांडणीत.

पहिलं वाक्य पाहा : «पुढील आठवड्यात चार-पाच दिवस रजा मिळावी.» हा अर्ज ज्या लिपिकाच्या हाती जातो, त्याला रजेच्या हिशोबात नोंद घ्यायची असते. चार की पाच? कोणत्या वारापासून? कोणती रजा? तुम्ही रजेचा प्रकारच लिहिलेला नाही, आणि तुमच्या बाबतीत त्याने खरोखर फरक पडतो. ऑपरेशन गुरुवारी 12 मार्चला, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी, सोमवारी 16 मार्चला पुन्हा दाखवायचं, असं तुम्ही पुढे लिहिलंय. मध्ये शनिवार-रविवार येतात. किरकोळ रजा घेतलीत तर मधल्या सुट्ट्या रजेत धरल्या जात नाहीत, म्हणजे तीनच दिवस खर्ची पडतात. अर्जित रजा मागितलीत तर मधल्या सुट्ट्याही मोजल्या जातात आणि पाच दिवस जातात. किरकोळ रजा वर्षाला 8 असतात. तुमच्या या वर्षीच्या सगळ्या शिल्लक आहेत, तेव्हा त्याच मागा.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. भाऊ पुण्यात असून लक्ष देत नाही, वहिनींशी पटत नाही, आईची साखर वाढलेली असते, हे सगळं तुम्ही मन मोकळं करून लिहिलंय. पण हा कागद साहेबांपुरता राहत नाही. आवक शाखा, आस्थापना लिपिक, अधीक्षक अशा टेबलांवरून तो फिरतो आणि शेवटी नस्तीत लागतो. एका सहकाऱ्याने अशाच अर्जात घरातलं भांडण लिहिलं होतं. काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी ती नस्ती बाहेर आली, तेव्हा नव्याने आलेल्या लोकांनी ते वाचलं. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. ‘आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन असून सोबत थांबणारे घरात अन्य कोणी नाही’ एवढ्याने मंजुरीपुरतं सगळं कळतं. भाऊ का येत नाही, हे साहेबांना ठरवायचं नसतं.

आणि शेवटची ओळ : «रजा नाकारल्यास आईच्या डोळ्यांचे काही बरेवाईट झाले तर जबाबदारी आपली राहील.» अर्ज परत येण्याचं मोठं कारण बहुधा हेच असावं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे अर्जित रजासुद्धा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि किरकोळ रजा तर निव्वळ सवलत समजली जाते. कामाच्या निकडीमुळे नाही म्हणण्याचा अधिकार साहेबांना आहे. अशा ओळीखाली ‘मंजूर’ लिहिलं तर धमकी मान्य केल्यासारखं होतं, म्हणून माणूस कागदच परत पाठवतो. साहेबांची खरी काळजी तुमच्या टेबलाची असते, आणि तुमच्या अर्जात त्याबद्दल एक शब्दही नाही. ती ओळ काढा आणि त्या जागी कामाची व्यवस्था लिहा. पण शेजारच्या टेबलवाल्याला आधी विचारा. न विचारता त्याचं नाव घातलंत तर अर्ज तिसऱ्यांदा परत येईल.

मी असा लिहिला असता :

«विषय : किरकोळ रजा मंजूर करणेबाबत.
महोदय, माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गुरुवार दि. 12 मार्च रोजी आहे. सोबत थांबणारे घरात अन्य कोणी नाही. तरी दि. 12, 13 व 16 मार्च अशी तीन दिवसांची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती. दि. 14 व 15 रोजी शासकीय सुट्टी आहे. मासिक अहवाल मी दि. 11 पर्यंत सादर करीन. रजाकाळात माझ्या टेबलाचे तातडीचे काम श्री. ... पाहतील, त्यांची संमती घेतली आहे. मी मंगळवार दि. 17 रोजी कामावर हजर होईन.»

रुग्णालय तुमच्या मुख्यालयाबाहेर असेल तर ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी’ हे वाक्य आणि तिथला संपर्क क्रमांक जोडा. साखर वाढल्यामुळे ऑपरेशन ऐनवेळी पुढे ढकललं जाऊ शकतं. तसं झालं तर त्याच दिवशी साहेबांना फोन करा आणि पहिल्या अर्जाचा दिनांक देऊन बदललेल्या तारखांचं दुसरं पत्र द्या. आधीच्या अर्जावर तारखा खोडून नव्या लिहू नका.