शॉर्ट फिल्मसाठी गल्लीतला पाठलाग शूट केला, पण एडिटला बसल्यावर कोण पुढे, कोण मागे काही कळतच नाहीये. शॉट तर भरपूर आहेत, मग चुकतंय कुठे?

बहुतेक वेळा गोंधळ दिशेचा असतो. समजा चोर बॅग घेऊन एसटी स्टँडकडे पळतोय आणि पोरगा त्याच्या मागे आहे, तर फ्रेममध्ये दोघंही डावीकडून उजवीकडेच पळायला हवेत, कारण एका शॉटमध्ये चोर उजवीकडे आणि पुढच्यात पोरगा डावीकडे गेला की बघणाऱ्याला वाटतं आता हे दोघं समोरासमोर येऊन धडकणार. गल्ली वळत असेल आणि दिशा बदलावीच लागणार असेल तर वळण कट न करता दाखवा, किंवा मध्ये एक शॉट असा टाका ज्यात ते सरळ कॅमेऱ्याकडे पळत येतात, त्यानंतर दिशा बदललेली खटकत नाही.

दुसरी गोष्ट अंतर, आणि माझ्या मते पाठलागातली खरी मजा त्यातच असते. रस्त्यावरची एखादी ठळक खूण पकडा, समजा केळ्यांची हातगाडी. चोर गाडीजवळून गेला, कॅमेरा तिथेच ठेवा, कट करू नका, सहा सेकंदांनी पोरगा तिथूनच जाऊ दे. पुढे पिठाच्या गिरणीपाशी हेच परत करा, पण आता तीनच सेकंदांनी. एक डायलॉग नसताना लोकांना कळतं की पोरगा जवळ आलाय. फक्त लेन्स जपून वापरा, टेली लेन्सने समोरून घेतलं तर वीस फुटांवरचा माणूस पाठीला चिकटल्यासारखा दिसतो आणि वाइडवर तोच लांब जातो, त्यामुळे दोन्ही कशीही मिसळली तर अंतर विनाकारण कमीजास्त होत राहतं.

आणि पळापळ सुरू व्हायच्या आधीच बॅगेत काय आहे ते दाखवा, बहिणीच्या फीचे पैसे असतील तर ते मोजून आत ठेवताना. स्टँडवर एसटी चालू होऊन उभी आहे हेही आधीच दिसू दे, मग मध्येच एकदा तिच्याकडे कट केलं, कंडक्टर चढतोय, डबल बेल देतोय, की लोक आपोआप वेळ मोजायला लागतात.

१९७१ च्या 'द फ्रेंच कनेक्शन'मधला पाठलाग जरूर बघा. मारेकरी वरच्या पुलावरच्या ट्रेनमध्ये, पोलीस खाली रस्त्यावर कारमध्ये, त्यामुळे कोण कुठे हा प्रश्नच उरत नाही. पोलीस पुढचं स्टेशन गाठून जिना चढतो, ट्रेन न थांबता निघून जाते, आणि तो किती मागे पडला ते त्या एका गोष्टीत समजतं.

रीशूट शक्य नसेल तर उलट्या दिशेचे शॉट आरशासारखे फ्लिप करून बघता येतात, पण मागे दुकानाची पाटी किंवा गाडीची नंबर प्लेट असेल तर अक्षरं उलटी दिसतील, तिथे हातगाडीवाला एक शॉट तरी परत जाऊन घ्यावाच लागेल.