पुण्यात वन बीएचके: भाडं की हप्ता?

प्रश्न: लग्नाला वर्ष झालंय, दोघंही हिंजवडीत नोकरीला. वाकडला ५० लाखांचा वन बीएचके घ्यावा की १८ हजार भाड्याने राहावं?

उत्तर: पाच-सहा वर्षं तिथेच राहायचं नक्की नसेल, तर सध्या भाड्यानेच राहा. भाड्याची तुलना सगळे हप्त्याशी करतात, पण हप्त्यातलं मुद्दल तुमचंच असतं. तुलना व्याजाशी करायची. ४० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ३४,७०० येतो. त्यातले पहिल्या महिन्यात २८ हजारांहून जास्त निव्वळ व्याज असतं. वर सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी. म्हणजे १८ हजारांच्या भाड्यापेक्षा दरमहा किमान दहा हजार जास्त जातात आणि ते परत येत नाहीत. शिवाय सुरुवातीलाच ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साडेतीन लाख, नोंदणीचे ३० हजार, आणि बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटीचे अडीच लाख. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलून घर विकावं लागलं, तर हे सहा लाख भरून निघणं अवघड. बिल्डरचा माणूस हे हिशेबात धरणार नाही, तो फक्त हप्ता सांगतो.

मात्र गावाकडून किंवा बचतीतून २५ लाख उभे राहत असतील, तर गणित पालटतं: उरलेल्या २५ लाखांवरचं व्याज महिन्याला साधारण भाड्याइतकंच येतं. तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट बघा. त्यावर जीएसटी लागत नाही.