दोघांची मेलवर ओळख करून देताना

भाऊ, थेट दोघांना एकत्र मेल टाकू नका. नवखे हमखास इथेच चुकतात. समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही.

समजा, रावेरच्या केळी निर्यातदाराला जळगावच्या शीतगृह इंजिनिअरशी बोलायचं आहे. आधी फक्त इंजिनिअरला विचारा: "केळी १३-१४ अंशांवर ठेवायची खोली बांधायची आहे, वीस मिनिटं फोनवर बोलाल का? आत्ता जमत नसेल तरी चालेल." निर्यातदाराकडून चार ओळी लिहून घेऊन त्याखाली जोडा. होकार आला तरच पुढे. नकार आला तर निर्यातदाराला "सध्या त्यांना वेळ नाही" एवढंच कळवा, कारणं उगाळू नका.

मग एकत्र मेल:
- विषयात दोघांची नावं आणि काम.
- प्रत्येकाबद्दल एकच ओळ. "खान्देशातले सर्वांत मोठे तज्ज्ञ" वगैरे नको, माणूस अवघडतो.
- "साहेब, पहिला मेल तुम्ही करा," असं गरजवंताला स्पष्ट सांगा. नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

मोबाइल नंबर न विचारता देऊ नका. उत्तर देणाऱ्याने तुम्हाला बीसीसीत टाकलं तर वाईट वाटून घेऊ नका, तीच रीत आहे.