अलंग-मदन-कुलंग: फॉर्म, बॅच आणि आयत्या वेळची गळती

प्रश्न: आमचा पुण्यातला छोटा ग्रुप डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच पैसे घेऊन अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचा ट्रेक करतोय. ‘काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत’ असं लिहून घेतलं की पुरे का? बॅच किती जणांची ठेवावी? आणि शेवटच्या दोन दिवसांत रद्द करणाऱ्यांचे पैसे परत द्यायचे का?

उत्तर:

नाही, तेवढ्या ओळीने काम भागत नाही. दोर जुना होता किंवा चढणाऱ्याचा दोर धरून सांभाळायला माणूसच नव्हता, अशा निष्काळजीपणाची जबाबदारी सहीच्या जोरावर झटकता येईल, असं गृहीत धरू नका. सहीचा खरा उपयोग एवढाच, की धोका आधी सांगितला होता याचा पुरावा राहतो. म्हणून तो नेमका लिहा: अलंग आणि मदनला दोरावर चढाई-उतराई आहे, वाटेत दृष्टिभय आहे, दगड सुटतात, आग्या मोहोळ उठू शकतं, जखमीला खाली आणायला कित्येक तास लागू शकतात. हे मराठीत आणि पैसे भरण्याआधी वाचायला द्या. बस पायथ्याच्या आंबेवाडीत पोचल्यावर पहाटे टॉर्चच्या उजेडात घेतलेल्या सह्यांना काय अर्थ? अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्याच, पण त्यामुळे मुलाचा हक्क संपला असं समजू नका.

फिटनेसच्या फॉर्मात ‘आपण तंदुरुस्त आहात का?’ विचारलंत तर सगळे ‘हो’ लिहितील. त्याऐवजी मागच्या तीन महिन्यांत कुठले ट्रेक केले, पाठीवर किती वजन होतं, रोजची औषधं कोणती, हे विचारा. दमा, फिट्स, मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण आणि औषधाची किंवा मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी स्वतंत्र विचारा. या ट्रेकसाठी मी आणखी एक प्रश्न घालतो: खांदा कधी निखळला होता का? एकदा निखळलेला खांदा हात वर ताणून चढताना पुन्हा निखळू शकतो. यातलं काही असेल त्याला थेट नाकारू नका, डॉक्टरांचं पत्र मागा. घरच्या संपर्काचा नंबर ट्रेकला न येणाऱ्या माणसाचाच हवा. माहितीची एक प्रत लीडरच्या सॅकमध्ये आणि एक खाली, ग्रुपच्या विश्वासू माणसाकडे. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकू नका.

बॅचचा आकडा बसच्या सीटवरून नाही, दोरावरून ठरतो. नेहमीच्या क्रमाने दुसऱ्या दिवशी अलंग उतरणं, मदन चढणं आणि मदन उतरणं असा तीनदा दोर लागतो. माणशी आठ मिनिटं धरा. बारा सहभागी आणि तीन लीडर, म्हणजे पंधरा जणांना एका टप्प्याला दोन तास, तिन्हींना सहा. हीच संख्या बावीस केलीत की जवळजवळ नऊ तास दोरातच जातात, चालणं वेगळं. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तासांचा. एवढा वेळ लोक अरुंद कड्यावर उन्हात ताटकळतात, पाणी संपतं आणि शेवटचे चार जण अंधारात उतरतात. एकच दोर असेल तर बारा सहभागींच्या पुढे मी जाणार नाही. शिवाय ‘माझा भाऊपण येतोय’ हे आदल्या रात्रीचे फोन ऐकूच नका.

रद्द करणाऱ्यांचं गणित याच आकड्यातून निघतं. समजा शुल्क ३,००० रुपये. गाडी १५,००० आणि दोर-साहित्य व तांत्रिक टीम ९,०००, म्हणजे बारा जणांत माणशी २,०००. हा खर्च कोणी गळालं तरी होतोच. जेवण-मुक्कामाचे ७०० गावात सांगून टाकेपर्यंत वाचतात. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत कोणी रद्द केलं आणि जागा रिकामी राहिली, तर २,००० कापा आणि किराणा भरला नसेल तर उरलेले १,००० परत करा. फॉर्म तपासून झालेला प्रतीक्षा यादीतला कोणी आला तर सगळेच द्या, तुमचं नुकसानच झालेलं नाही. सरसकट ‘पैसे परत नाहीत’ ही अट कायद्यापुढेही लंगडी पडते. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी असावी लागते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट अनुचित कराराच्या व्याख्येत बसते. ट्रेक तुम्ही रद्द केलात तर अर्थात पूर्ण रक्कम परत.

आजारपणाला मात्र वेगळा नियम ठेवा. शुक्रवारी ताप आला आणि ३,००० बुडणार असतील, तर माणूस क्रोसिन घेऊन गाडीत बसतो आणि तुमच्या फॉर्मवर खोटं लिहितो. म्हणून ‘तब्येत बिघडल्यास आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा, रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल’ असं छापा. त्यात बुडणारे दोन-तीन हजार सोसता यावेत म्हणून शुल्कात माणशी ३०० मी राखीव धरतो. वरच्या हिशेबात उरतात ते तेच. आंबेवाडीतून निघण्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन पुन्हा विचारा: दोन दिवसांत ताप, उलटी, जुलाब? रात्री दारू? काल कुठली गोळी घेतली? उत्तर पटलं नाही तर त्याला गावातच थांबवण्याचा अधिकार लीडरला आहे, हे वाक्यही फॉर्मात आधीच असू द्या.