संकर, मोझेइक आणि कायमेरा: एका देहातील दोन पेशीवंश

“एका अनुवादित लेखात ‘मोझेइसिझम’ आणि ‘कायमेरिझम’ या दोन्हींसाठी ‘संकर’ हा एकच शब्द वापरलेला दिसला. या दोन्ही संज्ञांचा अर्थ एकच आहे का? आणि एकाच माणसात दोन निरनिराळे डीएनए असू कसे शकतात?”

या दोन्ही संज्ञा एकमेकींपासून वेगळ्या आहेत आणि ‘संकर’ हा शब्द त्यांपैकी एकीलाही लागू पडत नाही. संकरात दोन भिन्न जातींचा वारसा एकाच फलित बीजांडात एकत्र येतो आणि पुढे शरीरातील प्रत्येक पेशीत तेच मिश्रण उतरते. खेचराची कोणतीही पेशी तपासली, तरी तिच्यात अर्धा वाटा घोडीचा आणि अर्धा गाढवाचा असतो. मोझेइक किंवा कायमेरा यांत मात्र पेशींच्या आत काहीच मिसळलेले नसते. दोन प्रकारच्या पेशी आपापला वारसा तसाच राखून एकाच शरीरात शेजारी शेजारी नांदत असतात.

हा गोंधळ अनुवादकाने प्रथमच केला असे नाही. एका झाडावर दुसऱ्याचे कलम केल्यावर जोडापाशी कधी कधी दोन्हींची लक्षणे असलेला फुटवा येतो, आणि अशा फुटव्यांना पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञही कलमी संकर म्हणत. १९०७ मध्ये हान्स विंकलर यांना टोमॅटो आणि त्याच कुळातील कामोणी यांच्या कलमातून असा एक फुटवा मिळाला, ज्याची एक बाजू टोमॅटोची होती आणि दुसरी कामोणीची. पेशी मिसळलेल्या नाहीत, नुसत्या जोडलेल्या आहेत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी त्याला ‘कायमेरा’ हे नाव दिले. ग्रीक पुराणातील कायमेरा म्हणजे सिंह, बकरी आणि सर्प यांचे अवयव एकत्र असलेला प्राणी. म्हणजे ‘संकर’ नको म्हणूनच हा शब्द आला, आणि त्याच्याच भाषांतरात तो परत यावा, ही गंमतच म्हणायची.

आता दोन संज्ञांमधील भेद. हा भेद पेशींचे प्रकार किती यावर ठरत नाही, तर त्या किती फलित बीजांडांपासून आल्या यावर ठरतो. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या शरीरात पुढे पेशींचे दोन प्रकार पडले, तर तो मोझेइसिझम. दोन वेगवेगळ्या फलित बीजांडांच्या पेशी एका शरीरात आल्या, तर तो कायमेरिझम. येथे ‘मोझेइक’ हा शब्द थोडा फसवतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या दगडांचे तुकडे जोडून केलेली फरशी येते. निरनिराळ्या कापडांची गोधडी ही उपमा खरे तर कायमेराला शोभते, तर मोझेइक व्यक्ती म्हणजे एकाच ताग्याचे असे कापड, ज्यात विणता विणता एक धागा बदलला आणि तेथून पुढचा पट्टा वेगळा आला.

तो धागा बदलतो पेशीविभाजनात. विभाजन होताना डीएनएची नक्कल करण्यात एखादी चूक राहते किंवा एखादे गुणसूत्र हरवते, आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सर्व पेशींत तो बदल उतरतो. चूक गर्भाच्या अगदी आरंभी झाली, तर शरीराचा मोठा भाग बदललेल्या पेशींचा होतो. उशिरा झाली, तर त्वचेचा एखादा पट्टा किंवा एखादा अवयव तेवढा वेगळा राहतो. हा बदल केवळ बीजांडकोशात किंवा वृषणात असेल, तर आईवडिलांच्या रक्ततपासणीत काहीही सापडत नाही, आणि तरीही त्यांच्या दोन अपत्यांना एकच आनुवंशिक विकार होऊ शकतो.

कायमेरिझम माणसात कसा ओळखला गेला, ते १९५३ सालच्या एका प्रकरणावरून चांगले कळते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे एका तरुण स्त्रीने रक्तदान केले. तिच्या रक्तात ए गटाविरुद्धचा सीरम घातल्यावर काही तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या आणि बाकीच्या सुट्याच राहिल्या, म्हणजे ए आणि ओ अशा दोन गटांच्या पेशी तिच्या रक्तात होत्या. असे चित्र सहसा नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढवलेल्या व्यक्तीत दिसते, पण तिला ते कधीच दिलेले नव्हते. तेथील रक्तपेढीतील आयव्हर डन्सफर्ड यांनी हा नमुना लंडनला रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर या रक्तगटतज्ज्ञांकडे पाठवला. गायींच्या जुळ्या वासरांत रक्ताची अशी सरमिसळ होते, हे रे ओवेन यांनी १९४५ मध्येच दाखवले होते. तेव्हा तिला विचारण्यात आले, की तू जुळ्यांपैकी आहेस का? तिला एक जुळा भाऊ होता आणि तो तीन महिन्यांचा असताना वारला होता. गर्भाशयात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या होत्या, भावाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी तिच्या अस्थिमज्जेत स्थिरावल्या होत्या आणि पंचवीस वर्षांनंतरही त्या त्याच्या गटाचे रक्त तयार करत होत्या. जन्मापूर्वीच ओळख झाल्यामुळे तिच्या प्रतिकारशक्तीने त्यांना परके मानले नाही.

मग तिचा स्वतःचा गट कोणता, हे लाळेने सांगितले. पुष्कळ लोकांच्या लाळेत त्यांच्या रक्तगटाचे द्रव्य उतरते, आणि लाळग्रंथी रक्तासारख्या भावाकडून आलेल्या नसतात. तिच्या लाळेत ए द्रव्य नव्हते, ओ गटाच्या व्यक्तीत दिसते तेच होते. अर्थात ती ओ गटाची आणि ए पेशी भावाच्या.

आज हाच निवाडा डीएनए खुणांवरून होतो. समजा, डीएनएवरील एका जागी वडिलांकडे क आणि ख या खुणा आहेत व आईकडे ग आणि घ. एका फलित बीजांडाला क-ग मिळाल्या आणि दुसऱ्याला ख-घ, तर एकाच व्यक्तीच्या नमुन्यात चारही खुणा दिसतील. एका व्यक्तीत एका जागी एरवी जास्तीत जास्त दोनच असतात. अशा जादा खुणा अनेक गुणसूत्रांवर विखुरलेल्या आढळल्या, तर तो कायमेरिझम. मोझेइसिझममध्ये दोन्ही पेशीवंश बाकी सर्वत्र तंतोतंत जुळतात आणि फरक एखाद्या ठिकाणी किंवा एखाद्या गुणसूत्रापुरता असतो. प्रयोगशाळेच्या अहवालातही हे वेगळे लिहितात: `mos 45,X/46,XX` म्हणजे मोझेइक, काही पेशींत एक एक्स गुणसूत्र हरवलेले, `chi 46,XX/46,XY` म्हणजे कायमेरा.

या तपासणीला एक मर्यादा आहे. गर्भावस्थेच्या अगदी आरंभी दोन भ्रूण एकमेकांत विलीन होऊन एकच बाळ जन्मले, तर दुसरा वंश कोणत्या अवयवात जाईल याचा नेम नसतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रकरणात मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी तपासणी करताना एका स्त्रीच्या तीनपैकी दोन मुलगे तिचे नाहीतच, असा निष्कर्ष निघाला होता. तिच्या रक्तात एकच वंश होता. दुसरा इतर ऊतींच्या तपासणीत सापडला आणि ते दोन मुलगे त्या वंशातून जन्मलेले निघाले. केवळ रक्तावर विसंबले असते, तर तिचे मातृत्वच नाकारले गेले असते.

मराठीत लिहिताना ‘मोझेइक’ आणि ‘कायमेरा’ हे शब्द तसेच ठेवावेत, असे माझे मत आहे. मराठी प्रतिशब्द हवाच असेल, तर ‘एकमूल पेशीभेद’ आणि ‘द्विमूल पेशीभेद’ असे मी सुचवेन, कारण त्यांत मुळाचा फरक शब्दातच दिसतो. हे शब्द मात्र मी घडवलेले आहेत, रूढ नाहीत. ‘संकर’ किती अडचणीचा आहे, हे अस्थिमज्जा प्रत्यारोपणात सर्वांत स्पष्ट दिसते. तेथे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आहेत, हे वेळोवेळी मोजतात आणि त्यालाही कायमेरिझमच म्हणतात. दात्याचे प्रमाण शंभर टक्क्यांवर गेले, तर रक्तात मिश्रण असे उरतच नाही, तरीही रुग्ण कायमेरा असतो, कारण त्याची त्वचा, यकृत आणि बाकीचे शरीर त्याचेच असते.