स्थळाच्या फोटोत साडी चढवायच्या आधी

अरे भावा, नवी पेठेत एआयनं फोटो एडिट करायचं दुकान टाकलंस ते भारी, पण मामा आला न् म्हणला भाचीच्या स्थळाच्या फोटोत ड्रेसवर इरकल साडी चढव, तर परवानगी मामाची नाही, फोटोतल्या पोरीची घ्यायची. तिलाच फोन कर, कुठली साडी, फोटो कुठं जाणार ते सांग, आणि तिचा होकार व्हॉट्सॲपवर लिहून घे. बायोडाटासाठी दिलेला होकार तुझ्या दुकानाच्या जाहिरातीला चालत नाही बरं का.

मग एआयला नुसतं "साडी घाल" लिहू नको, ते कंबर बारीक करतंय, रंग उजळवतंय, वर ब्लाउजचा गळा स्वतःच्या मनानं खोल काढतंय. असं लिही: "फक्त ड्रेसच्या जागी निळी इरकल साडी, ब्लाउज कोपरापर्यंत, गळा मूळ ड्रेसइतकाच बंद, चेहरा, रंग, बांधा, मागचं सगळं आहे तसंच." झालं की मूळ फोटो खाली ठेवून लेयर चालू-बंद करून बघ, मान न् दंड हलले तर बांधा बदललाय, परत कर. पाठवायच्या आधी तिला दाखव, नको म्हणली तर दोन्ही डिलीट.

अन् कपडे कमी करायची ऑर्डर आली तर पैसे कितीही दिऊ दे, सरळ हाकलून लाव, असलं अश्लील पसरवलं तर आयटी कायद्याचं कलम 67 लागतंय.